काँक्रीटमध्ये अडकलेला अँकर बोल्ट: ओढण्याआधी थोडं थांबा

जुनी पिठाची गिरणी उचलून दुकान रिकामं करायचं होतं. चक्की, मोटर, पट्टा सगळं टेम्पोत चढवायची तयारी झाली होती, पण चक्कीचा लोखंडी सांगाडा कोब्याला चार फास्टनरनी आवळलेला होता. मालकांनी आदल्या दिवशी पहार लावून पाहिली होती. सांगाड्याचा एक पाय वाकला, बोल्ट जागचा हलला नाही. मी पोचलो तेव्हा ते म्हणाले, "मिस्त्री, कालपेक्षा आज जास्तच घट्ट वाटतोय." त्यांना वाटलं, मी हसेन. पण ते अगदी बरोबर बोलत होते. हा बोल्ट ओढला की खरोखरच जास्त घट्ट होतो. त्यासाठीच तो बनवलेला असतो.

हे दुकान तळमजल्यावर होतं. जमिनीवर चार इंच काँक्रीट आणि वर दोन इंच कोबा. त्या चार बोल्टपैकी एक बाहेर आला, एक खाली गेला, एक निम्मा निघाला आणि एक कापावा लागला. चौघांची गोष्ट सांगतो, कारण तुमच्यासमोरचा बोल्ट बहुधा या चौघांपैकीच कोणीतरी असेल.

आत नेमकं काय असतं

बाजारात सगळ्यालाच फास्टनर किंवा रॉल बोल्ट म्हणतात, पण जाती वेगळ्या आहेत आणि काढायची पद्धत जातीवर ठरते.

पहिली जात पाचरवाली. एकच सलग दांडा, वरच्या बाजूला आटे, नट आणि वॉशर. खालचं टोक शंकूसारखं रुंद होत जातं आणि त्याच्या वर, दांड्याच्या बारीक मानेवर, पत्र्याची एक चिरलेली बांगडी बसवलेली असते. भोक बोल्टइतकंच असतं, म्हणजे १२ मिमीच्या बोल्टला १२ चंच भोक. नट आवळला की दांडा वर येऊ पाहतो, बांगडी भोकाच्या भिंतीला धरून जागीच राहते, शंकू तिच्यात घुसतो आणि बांगडी फाकते. लाकडात पाचर ठोकावी तसंच. म्हणून वरून ओढणं म्हणजे पाचर आणखी ठोकणं.

दुसरी जात नळीवाली, खरा रॉल बोल्ट. याचं भोक बोल्टपेक्षा बरंच मोठं असतं. १२ मिमीच्या बोल्टला साधारण २० मिमी. बोल्टभोवती चार पाकळ्यांची लोखंडी नळी असते आणि तळाशी शंकूच्या आकाराचा नट. बोल्ट आवळला की तो नट वर चढून पाकळ्या फाकवतो.

ओळखायचं कसं? सांगाड्याचं बूड किंचित उचलता आलं तर बोल्ट जमिनीत शिरतो तिथे बघा. दांड्याला काँक्रीट थेट लागलेलं असेल तर पाचरवाला. मध्ये लोखंडाचं कडं दिसलं तर नळीवाला. वर नटाऐवजी बोल्टचं षटकोनी डोकं असेल तरी बहुतेक नळीवालाच. आणि दांड्याभोवती दगडासारखा कडक करडा मसाला दिसला, तर तो रसायन भरून बसवलेला बोल्ट आहे. त्याला खालच्यापैकी फक्त कापण्याची युक्ती लागू पडते.

आमच्याकडे तीन पाचरवाले होते आणि चौथा नळीवाला. कधीतरी एक बोल्ट खराब झाला असणार आणि कोणीतरी जागेवरच भोक मोठं करून दुसरा घातला असणार.

आधी नट

बोल्टचा विचार नंतर, आधी सांगाडा मोकळा व्हायला हवा. १२ मिमीच्या नटाला बहुधा १९ नंबरचा पाना लागतो, काही नवीन नटांना १८. गंजलेल्या नटावर रिंग पाना किंवा सॉकेटच लावा. फिक्स पाना घसरला की नटाचे कोपरे गोल होतात आणि काम दुप्पट वाढतं. आट्यांवर तारेचा ब्रश मारा, गंज सोडवणारा स्प्रे मारा, नटाच्या बाजूंवर हातोडीने हलके ठोके द्या आणि शक्य असेल तर रात्रभर सोडून द्या. सकाळी पहिल्यांदा पाव फेरा आवळायच्या दिशेने, मग सोडवायच्या दिशेने. गंजाचा थर असा आलटून पालटून तुटतो.

तरीही निघाला नाही तर नटाची एक बाजू ग्राइंडरने आट्यांपर्यंत उभी चिरा आणि त्या चिरेत छिन्नी घालून नट फोडा. बोल्ट वाचवायचाच नसेल तर नटाशी भांडत बसण्यात अर्थ नाही.

आमच्या पहिल्या बोल्टचा प्रश्न निराळा होता. नट फिरत होता, पण त्याच्याबरोबर बोल्टही फिरत होता. म्हणजे खालच्या बांगडीची पकड गेली होती. गिरणीची थरथर अनेक वर्षं सोसल्यावर असं होतं. अशा वेळी पाना कितीही फिरवा, नट चढतही नाही, उतरतही नाही. इथे पहारीचा उपयोग होतो, पण बोल्ट उपटायला नव्हे. पहारीचं टोक सांगाड्याच्या पट्टीखाली, बोल्टच्या अगदी जवळ घालायचं आणि एकाने हलका पण सतत दाब ठेवायचा. पट्टी नटाला वर ढकलते, बोल्टवर ताण येतो, पाचर पुन्हा धरते. त्या ताणात दुसऱ्याने नट सोडवायचा. "बाळू, दाब सोडू नको, उचलायचं नाहीये, नुसतं धरून ठेव," असं तीनदा सांगावं लागलं, पण नट उतरला.

जो फिरतो, तो निघतो

सांगाडा बाजूला झाला. जमिनीवर चार दांडे राहिले, प्रत्येक साधारण ३५ मिमी वर आलेला.

फिरणारा बोल्ट कटकटीचा वाटतो, पण बाहेर निघण्याची खरी आशा त्याच्याकडूनच असते. पकड ढिली आहे म्हणूनच तो फिरतो. त्याला आधी हातोडीने दोन-तीन मिलिमीटर खाली ठोकायचं, म्हणजे शंकू बांगडीतून सुटतो. मग व्हाइस ग्रिप घट्ट लावून सतत फिरवत राहायचं आणि फिरवतानाच अगदी थोडा वर खेचायचा. जोरात खेचलं की पाचर पुन्हा बसते. तसं झालं तर परत खाली ठोका आणि परत फिरवा. आमचा बोल्ट दहाएक मिनिटांत, चार वेळा खाली-वर करून बाहेर आला. बांगडी दांड्यावरच होती, झिजून गुळगुळीत झालेली. असा निघालेला बोल्ट पुन्हा वापरू नका. त्याच्या बांगडीत धरायची ताकद उरलेली नसते.

बोल्टवर पाइपचा तुकडा घालायचा, वर जाड वॉशर ठेवायचा आणि नट आवळत बोल्ट वर खेचून काढायचा, ही युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ढिल्या बोल्टवर ती चालते. घट्ट बसलेल्या पाचरवाल्या बोल्टवर मात्र तीन गोष्टी होऊ शकतात: गंजलेला दांडा तुटतो, आटे जातात, नाहीतर बोल्टसकट काँक्रीटचा उलट्या नरसाळ्यासारखा गोळा उखडून येतो. बोल्ट कडेजवळ किंवा पायरीच्या टोकाजवळ असेल तर हा तिसरा प्रकार फार लवकर घडतो. पाना जड होत गेला आणि बोल्टभोवती केसासारखी गोल चीर दिसू लागली, की तिथेच थांबा.

बाहेर येत नसेल तर खाली घाला

दुसरा बोल्ट फिरत नव्हता. पाचर खालच्या दिशेने मोकळी होते, मग बोल्ट खालीच का घालू नये? प्रश्न एवढाच की भोकात खाली जागा आहे का. बसवणाऱ्याने भोक गरजेपेक्षा खोल मारलं असेल तर आहे, बेतशीर मारलं असेल तर नाही. वरून हे कळत नाही, ठोकूनच बघावं लागतं.

नट बोल्टच्या टोकाशी सपाट येईल एवढा चढवून ठेवा, म्हणजे आटे फाकणार नाहीत. जमिनीलगत दांड्यावर मार्करने रेघ मारा. दोन किलोच्या घणाचे चार-पाच सरळ ठोके द्या आणि रेघ बघा. ती खाली गेली तर जागा आहे. रेघ जागीच आहे, घण उसळतोय आणि आवाज ठणठणीत येतोय, तर बोल्ट तळाला टेकलाय. मग आणखी घाव घालण्याचा काही उपयोग नाही. डोकं फाकेल किंवा आजूबाजूचा कोबा तडकेल.

आमचा दुसरा बोल्ट पाच ठोक्यांत ६ मिमी उतरला. इथलं भोक बहुधा गरजेपेक्षा खोल मारलेलं होतं. आता ३५ मिमीचा अख्खा दांडा ठोकत बसायची गरज नाही. उतरतोय एवढं कळलं की तो जमिनीपासून ५ मिमी उंचीवर कापायचा आणि उरलेलं टोक १० मिमीच्या गोल सळईचा तुकडा मध्ये धरून खाली बसवायचं. आम्ही तो जमिनीच्या पातळीखाली १५ मिमी नेला.

वरच्या मजल्यावर ही पद्धत वापरू नका. घरांचे स्लॅब साधारण पाच इंची असतात. बोल्टखाली थोडंच काँक्रीट उरलेलं असेल तर घणाच्या घावाने खालच्या घराच्या छताचा पोपडा सुटेल. गच्चीवर तर वॉटरप्रूफिंगही फाटेल.

नळीवाला: बोल्ट निघतो, नळी राहते

इथे बहुतेक जण उत्साहात बोल्ट पूर्ण उघडून काढतात. मग शंकूचा नट तळाशी पडतो, नळी भोकात फाकलेलीच राहते आणि तिला पकडायला काही उरत नाही. बोल्ट फक्त तीन-चार फेरे सोडवायचा. मग त्याच्या डोक्यावर हातोडीने ठोकायचं, म्हणजे शंकू पाकळ्यांतून खाली निसटतो. पाकळ्यांना आता बाहेर ढकलणारं कोणी नाही. नळीच्या वरच्या काठाखाली दोन बाजूंनी बारीक छिन्नी किंवा जुना स्क्रूड्रायव्हर घालून आलटून पालटून उचला आणि बोल्ट, नळी, नट सगळं एकत्र बाहेर घ्या.

आमच्या बाबतीत बोल्ट आणि शंकू निघाले, दोन पाकळ्याही आल्या, पण उरलेल्या दोन गंजून भोकाला चिकटल्या होत्या. बारीक छिन्नीने त्या आतल्या बाजूला दुमडल्या आणि पक्कडीने ओढल्या. दुमडण्याची दिशा महत्त्वाची: भिंतीकडून भोकाच्या मध्याकडे.

बोल्ट फिरतोय पण सुटत नाही, असं झालं तर तळाचा नटही सोबत फिरतोय. उपाय वरचाच: डोक्याखाली पहार लावून ताण द्या आणि ताणातच फिरवा.

कापायचा तर नीट कापा

तिसरा बोल्ट. फिरेना, उतरेना. अशा बोल्टवर मी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवत नाही. त्या जागी तेच भोक पुन्हा लागणार नसेल, तर लोखंड आत राहिल्याने काँक्रीटचं काही बिघडत नाही. मालक जरा नाराज झाले. त्यांना वाटत होतं की कापणं म्हणजे हार मानणं. मी म्हटलं, "काका, हा बोल्ट ज्याने बसवला त्याने काम चोख केलंय, एवढंच."

पण कापायला सुरुवात करण्याआधी दुकान साफ करावं लागलं. गिरणीच्या कोपऱ्यांत, भिंतींच्या खाचांत वर्षानुवर्षांचं पीठ साचलेलं असतं. हवेत उडालेलं पीठ ठिणगीने भडकतं, बंद जागेत त्याचा स्फोटही होतो. म्हणून ब्लोअर मारायचा नाही, झाडू झटकायचा नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, दारं उघडायची आणि पाण्याची बादली जवळ ठेवायची. तुमच्याकडे गिरणी नसेल, पण थिनरचा डबा, लाकडाचा भुसा किंवा गादीचा कापूस असू शकतो. ठिणगी सहज दोन-तीन मीटर उडते.

चार इंची ग्राइंडरला १ मिमी जाडीची कटिंगची चकती लावा. गार्ड काढायचा नाही. चकतीवर लिहिलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त हवा. चार इंची यंत्रं मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतात आणि चांगल्या चकतीवर १५,००० च्या वरचा आकडा असतो. ओल लागलेली किंवा कोपरा उडालेली चकती सरळ फेकून द्या. डोळ्यांना बंद गॉगल, हातांत चामड्याचे मोजे. लोंबत्या बाह्या आणि उपरणं नको.

जवळ लादी असेल तर पत्र्याच्या तुकड्याला बोल्टएवढं भोक पाडून तो बोल्टवर घाला. गार्डमुळे चकती जमिनीला अगदी टेकत नाही, म्हणून पहिला काप दोन-तीन मिलिमीटर उंचीवर घ्या. दाबू नका, यंत्राच्या वजनाने कापू द्या. एका बाजूने अर्ध्यापर्यंत, मग समोरच्या बाजूने. तुटलेला तुकडा तापलेला असतो, त्याला लगेच हात लावायचा नाही.

राहिलेलं बोटभर जाडीचं टेंगूळ घासताना अनेक जण चूक करतात. तीच पातळ चकती आडवी धरून घासतात. पातळ चकती बाजूचा दाब सहन करत नाही. ती फुटते आणि तिचे तुकडे कुठे जातील हे सांगता येत नाही. घासायला ६ मिमी जाडीची ग्राइंडिंगची चकती किंवा ६० नंबरची फ्लॅप चकती लावा. बदलायला दोन मिनिटं लागतात. चकती बदलताना ग्राइंडरची पिन बोर्डातून काढा.

घासून सपाट केलं, आता झालं ना? त्या दुकानात वर विनाइलचं फ्लोअरिंग येणार होतं, म्हणून माझं उत्तर नाही असं होतं. सपाट कापलेलं लोखंड ओल लागली की गंजतं, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि वर फुगवटा येतो. नंतर तपकिरी डागही उमटतो. म्हणून टोक किमान १० मिमी खाली न्यायचं. खड्ड्यात ग्राइंडर शिरत नाही, त्यामुळे ड्रिल वापरायचं. सपाट टोकाच्या बरोबर मध्यावर सेंटर पंचने खूण करा, ४ मिमीच्या लोखंडाच्या बिटने १० मिमी खोल भोक पाडा, मग ८, मग १२. हॅमर बंद, वेग कमी, तेलाचे दोन थेंब. कुरळा कीस निघत असेल तर बरोबर चाललंय. नुसती भुकटी आणि किंचाळी येत असेल तर बिट बोथट झालंय किंवा वेग जास्त आहे. चुकून भिंतीचं बिट लावलं तर त्याचं टोक जळून जाईल आणि बोल्टला ओरखडाही येणार नाही. कडेला आट्यांची पातळ साल उरते, ती छिन्नीने उडवा.

स्टेनलेस बोल्ट असेल तर हे काम फार रेंगाळतं. तो घासला की आणखी कडक होत जातो, म्हणून सुरुवातीपासून धारदार कोबाल्ट बिट, जोराचा दाब आणि अगदी कमी वेग ठेवा.

तेच भोक हवं असेल तर

क्वचित नवं यंत्र नेमकं त्याच जागी बसवायचं असतं. तेव्हा हिऱ्याच्या कोअर बिटवाल्याला बोलवा. बोल्टभोवती २५ मिमीचा पाण्यावर चालणारा कोअर बिट फिरवला की बोल्ट आणि भोवतालचं काँक्रीट अशी दंडगोल कांडी निघते. पण स्लॅबमध्ये असं करण्याआधी आत सळ्या आणि वायरच्या नळ्या कुठून गेल्यात हे डिटेक्टरने बघून घ्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे घरातल्या स्लॅबच्या सळीवर साधारण २० मिमीचं आच्छादन असतं, म्हणजे सळी फार खोल नसते. कोअर बिट ती सहज कापतो आणि कापल्याचं वरून कळतही नाही. फक्त बाहेर येणारं करडं पाणी जरा काळपट होतं आणि कांडीच्या बाजूला चकाकणारा डाग दिसतो. बीम किंवा कॉलममध्ये इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करूच नका.

नवं भोक शेजारी मारणार असाल तर अंतर सोडा. जुनं भोक जेवढं खोल, त्याच्या दुप्पट अंतरावर नवं, हा फास्टनर कंपन्यांच्या कागदांत येणारा नियम आहे. जुनं भोक ताकदवान मसाल्याने भरलेलं असेल तर थोडं जवळ चालतं. आमची भोकं साधारण ८५ मिमी खोल होती, म्हणजे नवा बोल्ट जुन्यापासून १७० मिमी अंतरावर. जुन्याच्या दोन इंच शेजारी नवं भोक मारलं तर पाचर फाकताना मधली भिंत जुन्या भोकात ढासळते आणि बोल्ट आवळतच नाही. मग दोन भोकं वाया जातात.

भरणं

चार खड्डे राहिले. धूळ आधी ब्रशने आणि मग व्हॅक्यूमने काढा. फुंकर मारू नका, काँक्रीटची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. एन ९५ मास्क ड्रिलच्या वेळेपासूनच लावलेला असावा. आतल्या लोखंडाच्या टोकावर झिंक प्रायमरचा हात मारा आणि तो वाळू द्या. छोट्या खड्ड्यांत इपॉक्सी पुट्टी दाबून भरली, ती दुसऱ्या दिवशी घासता येते. नळीवाल्याचं २० मिमीचं भोक खोल होतं, म्हणून त्यात न आकसणारा ग्राउट ओतला. आधी भोक पाण्याने ओलं केलं, साचलेलं पाणी टिपून घेतलं आणि ग्राउट ओतताना तारेने ढवळला, म्हणजे आत हवा राहत नाही. वर ओलं फडकं तीन दिवस. साधं सिमेंट-पाणी कालवून भरलं तर ते वाळताना आकसतं, कडेने चीर पडते आणि महिन्याभरात ती खपली सुटून येते.

चौथ्या दिवशी मालकांनी त्या चारही जागांवर चावीने ठोकून बघितलं. तीन ठिकाणी भरीव आवाज आला. दुसऱ्या बोल्टच्या जागी पोकळ आला, कारण तिथे पुट्टी खालच्या टोकाला न टेकता मध्येच अडकली होती. ती उकरून पुन्हा भरली.